अकरा हप्ते आपले, बारावा सराफाचा: सोन्याच्या मासिक स्कीमचा खरा हिशेब कसा करायचा

मागच्या महिन्यात गटाच्या मिटिंगमध्ये कर्जाची वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि उठता उठता तिघी जणींनी पर्समधून तीन कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. तिन्ही तालुक्याच्या सराफा ओळीतल्या वेगवेगळ्या दुकानांची, तिन्हीवर लक्ष्मीचा फोटो, आणि तिन्हीवर मोठ्या अक्षरात एकच गोष्ट, अकरा हप्ते तुम्ही भरा बारावा आमचा. "ताई, तू हिशेबाची हायेस, सांग बरं यात फायदा किती पडते?" मी म्हटलं बाई, कार्ड पाहून नाही सांगता येत, कारण ज्या आकड्यावर फायदा ठरतो तो कार्डावर छापलेलाच नसतो. तो आकडा म्हणजे मजुरी.

त्या दिवशी जे तोंडी सांगितलं तेच इथं नीट लिहितेय. उदाहरणात 22 कॅरेटचा भाव मी ग्रॅमला 10,000 रुपये धरलाय, फक्त हिशेब सोपा जावा म्हणून, तुम्ही दुकानात जाल त्या दिवशीचा भाव टाका, गणित तेच राहते.

आधी कार्ड कोणत्या जातीचं ते ओळखा

सगळ्या स्कीम बाहेरून सारख्या दिसतात पण आतून त्यांच्या दोन जाती आहेत. एकीत तुमचे रुपये जमा होतात. दर महिन्याला 3,000 भरले, अकरा महिन्यात 33,000 झाले, दुकानदाराने एक हप्ता घातला, 36,000 झाले, आणि ज्या दिवशी दागिना घेता त्या दिवशीच्या भावाने सोनं मिळतं. दुसरीत ग्रॅम जमा होतात, म्हणजे तुम्ही ज्या दिवशी हप्ता भरला त्या दिवशीच्या भावाने तेवढं सोनं तुमच्या नावावर लिहिलं जातं आणि शेवटी तेवढ्या ग्रॅमचा दागिना. ओळखायचं सोपं आहे, पावती काढा. पावतीवर फक्त रक्कम असेल तर रुपयाची स्कीम, रकमेशेजारी त्या दिवशीचा भाव आणि 0.300 ग्रॅम असं काही लिहिलेलं असेल तर ग्रॅमची. आमच्या तिघींपैकी एकीला सहा हप्ते भरून झाल्यावर त्या दिवशी कळलं की तिची ग्रॅमची आहे, तोवर ती रुपयातच मोजत होती.

फायदा कोणत्या रूपात देणार हेही दुकानागणिक वेगळं. कोणी पूर्ण हप्ता घालतं, कोणी अर्धा किंवा पाऊण, आणि कोणी हप्ता घालतच नाही, त्याऐवजी मजुरीत सूट देतं. कार्डावर "12 व्या महिन्याचा लाभ" एवढंच लिहिलेलं असलं तर लाभ म्हणजे किती रुपये ते विचारून घ्या, कारण लाभ हा शब्द पूर्ण हप्त्यालाही बसतो आणि अर्ध्यालाही.

अकराच महिने का असंही एकीनं विचारलं. त्यामागं कायदा आहे. कंपनी असलेल्या दुकानाने गिऱ्हाइकाकडून मालासाठी आगाऊ पैसे घेतले तर 365 दिवसांच्या आत त्याचा माल द्यावा लागतो, नाहीतर 2014 च्या नियमांप्रमाणे ते पैसे ठेव समजले जातात, आणि ठेवी घ्यायला कंपनीला बरीच बंधनं आहेत. म्हणून अकरा हप्ते आणि बाराव्या महिन्यात खरेदी. ही गोष्ट पुढं कामात येणार आहे.

आता मजुरी घालून हिशेब

रुपयाची स्कीम घेऊ, महिना 3,000. पहिला हप्ता अकरा महिने दुकानात राहिला, दुसरा दहा, असं करत शेवटचा एकच महिना. तेवढ्या पैशावर 3,000 जास्तीचे मिळाले तर साध्या व्याजाने हिशेब वर्षाला 18 टक्क्याच्या वर जातो. बँकेत आरडी केली असती तर सहाच्या आसपास मिळाले असते. इथंच माणूस खुश होते आणि पेन ठेवून देते. पण थांबा, हे पैसे तुम्हाला हातात मिळत नाहीत, त्याच दुकानात दागिन्यातच जिरवावे लागतात, आणि दागिन्याची मजुरी किती लावायची ते तोच ठरवते.

समजा तुम्ही पसंत केलेल्या दागिन्यावर मजुरी 14 टक्के आहे. एका ग्रॅमचे 10,000, मजुरीचे 1,400, झाले 11,400, या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी म्हणजे 342. एक ग्रॅम दागिना घरी आणायला 11,742 लागले. तुमच्याकडं स्कीमचे 36,000 आहेत, म्हणजे 3.07 ग्रॅमचा दागिना आला.

आता तेच 33,000 तुम्ही आरडीत टाकले असते तर सहा टक्क्यानं 990 व्याज धरून 33,990 झाले असते. आणि ते घेऊन शेजारच्या दुकानात गेलात जिथं तशाच साध्या दागिन्याला मजुरी 8 टक्के आहे. तिथं ग्रॅमला 10,800 आणि जीएसटी 324, म्हणजे 11,124. तुमच्या 33,990 मध्ये 3.06 ग्रॅम आलं.

3.07 आणि 3.06. अख्ख्या बाराव्या हप्त्याचा फायदा एवढाच उरला, एका गुंजेचाही नाही.

आणि स्कीमवाल्या दुकानानं 14 च्या जागी 18 टक्के लावली तर? ग्रॅमला 12,154 पडतात आणि 36,000 मध्ये 2.96 ग्रॅम येतं. शेजारच्याकडं व्याज नाही, बोनस नाही, नुसते घरात डब्यात ठेवलेले 33,000 घेऊन गेलात तरी 2.97 येतं. म्हणजे 8 आणि 18 असा दहा टक्क्यांचा फरक पडला की बारावा हप्ता पूर्ण खाल्ला जाते, आणि पोत-झुमक्यात असा फरक पडणं काही अवघड नाही, नक्षी जरा वाढली की मजुरी वाढते.

याचा अर्थ स्कीम वाईट असा नाही. दोन्ही दुकानात त्याच दागिन्याला 14 टक्केच असतील तर स्कीमवालीला 3.07 ग्रॅम आणि आरडीवालीला 33,990 भागिले 11,742 म्हणजे 2.89. इथं स्कीम सरळ सरळ जिंकते, आणि फरक पावणेदोन हजारांच्या सोन्याचा आहे. म्हणून कार्ड काढायच्या आधी करायचं काम एकच, जो दागिना शेवटी घ्यायचा आहे तसाच दागिना त्या दुकानात आणि बाजूच्या दोन दुकानात दाखवायला लावायचा आणि मजुरी विचारायची. अकरा महिन्यानंतर विचारून उपयोग नाही, तेव्हा तुम्ही बांधले गेलेले असता आणि सराफालाही ते माहीत असते.

विचारताना एक काळजी, नुसती मजुरी विचारू नका. काही दुकानं मजुरी 10 टक्के सांगतात आणि बिलात घट म्हणून आणखी 4 टक्के वेगळे लावतात. घट म्हणजे दागिना घडवताना जे सोनं वाया जाते म्हणतात ते. तुम्ही विचारायचं असं, "भाऊ, मजुरी, घट, सगळं मिळून टक्के किती?" काही जण टक्क्यात न सांगता ग्रॅमला अमुक रुपये सांगतात, मग त्या रुपयांना भावानं भागून टक्के काढून घ्या, नाहीतर दोन दुकानांची तुलना होणार नाही.

मजुरी माफीची स्कीम

हप्त्याऐवजी मजुरीत सूट देणारी स्कीम असेल तर शब्द नीट वाचा, बहुतेक ठिकाणी "18 टक्क्यांपर्यंत मजुरी माफ" असं काहीसं असते. त्या "पर्यंत"मध्ये सगळं आहे. तुमच्या दागिन्याची मजुरी 22 टक्के असेल तर 18 माफ, वरचे 4 तुमचे. आणि तुम्ही साधी अंगठी घेतली जिची मजुरी मुळात 8 टक्के आहे तर तुम्हाला 8 चाच फायदा, उरलेले 10 टक्के काही सोन्यात मिळत नाहीत. म्हणजे ही स्कीम भारी नक्षीकाम घेणाऱ्याच्या कामाची. साधी पोत, साधे टॉप्स, मुलाच्या अंगठ्या घेणाऱ्या घराला पूर्ण हप्ता देणारी स्कीम बरी पडते. आणि कमी मजुरीचे साधे दागिने काचेच्या मागं दिसतच नाहीत, मागावे लागतात, हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलेलं आहे.

रुपये बरे की ग्रॅम

हे भाव कुठं जाईल त्यावर आहे आणि ते कोणाला सांगता येत नाही, पण दोन्हीकडं काय होते ते पाहून ठेवा. समजा पहिल्या हप्त्याला भाव 8,000 होता आणि दर महिन्याला 200 वाढत अकराव्या हप्त्याला 10,000 झाला. ग्रॅमच्या स्कीममध्ये दर महिन्याच्या 3,000 चं त्या त्या भावानं सोनं धरलं तर एकूण 3.68 ग्रॅम जमा झालं, बोनस नसतानाही. रुपयाच्या स्कीममध्ये बोनस धरून 36,000 झाले आणि 10,000 च्या भावानं ते 3.6 ग्रॅमचे पैसे. म्हणजे चढत्या भावात ग्रॅमची स्कीम बिनबोनसची असूनही पुढं गेली.

उलट भाव 10,000 वरून उतरत 8,000 वर आला तर ग्रॅमच्या स्कीममध्ये तेच 3.68 ग्रॅम, पण रुपयावालीला 36,000 मध्ये 8,000 च्या भावानं साडेचार ग्रॅमचे पैसे हातात. ज्याला वाटते सोनं वाढणारच त्याची ग्रॅमची, हे तर कोणीही सांगेल, पण गावाकडं ग्रॅमच्या स्कीममध्ये एक गोष्ट नेहमी विसरली जाते.

ती म्हणजे शेवटी लागणारे रोख पैसे. ग्रॅममध्ये जमा झालं ते नुसतं सोनं. मजुरी आणि जीएसटी अजून द्यायचाच आहे, आणि तो शेवटच्या दिवशीच्या भावावर. वरच्या चढत्या भावाच्या उदाहरणात 3.68 ग्रॅमची किंमत 36,800, त्यावर 14 टक्के मजुरी 5,152, आणि एकूण 41,952 वर जीएसटी 1,258 च्या आसपास, म्हणजे दागिना उचलायला वरून 6,400 रुपये पाहिजेत. आमच्या गटातली एक काकू एसटीनं तालुक्याला गेली, तिच्याजवळ जायचं यायचं भाडं आणि नातवाच्या चपलेचे पैसे होते, आणि दुकानात सांगतलं वरून सहा हजार द्या. बिचारी रिकाम्या हातानं परत आली आणि मग गटातून उसने घेऊन गेली. रुपयाच्या स्कीममध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथं मजुरी आणि जीएसटी त्याच पैशातून कापले जातात, दागिना थोडा हलका येतो एवढंच.

हप्ता कोणत्या महिन्यात सुरू करायचा

शहरातल्या नोकरदाराला हा प्रश्न पडत नाही, महिन्याच्या महिन्याला पगार आहे. आपल्याकडं पैसा कापूस-सोयाबीन निघते तेव्हा येते आणि पेरणीला जाते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास, कापूस पहिल्या वेच्यापासून फेब्रुवारीपर्यंत, मधात तूर, आणि जून उजाडला की बियाणं, खत, मजूर, सगळं खर्चच. कार्ड मात्र जूनलाही तेवढाच हप्ता मागते जेवढा डिसेंबरला.

माझाच किस्सा सांगते. मुलीसाठी 2,000 चं कार्ड काढलं होतं मे महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये अकरावा हप्ता आणि एप्रिलच्या लग्नसराईत दागिना, असा बेत. जुलैमध्ये डीएपीच्या दोन बॅगा घ्यायच्या राह्यल्या आणि त्या महिन्याचे 2,000 त्यात गेले. ऑगस्टमध्ये मी दोन्ही हप्ते एकदम नेऊन भरले, काउंटरवरच्या पोरीनं हसून घेतले, कार्डावर दोन शिक्के मारले, मी निवांत. एप्रिलमध्ये दागिना काढून झाला, बिल बनवायला घेतलं आणि मालक म्हणतात, ताई तुमचा एक हप्ता उशिरा आहे, कार्डाच्या मागं अट पाहा, नियमित भरणाऱ्यालाच लाभ. मागं खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात. 22,000 चे 22,000 च. आणि ते सुद्धा रोख परत नाही, दागिनाच घ्यायचा, आणि मजुरी पूर्ण. म्हणजे अकरा महिने मी त्यांना बिनव्याजी पैसे वापरायला दिले आणि वरून मजुरी दिली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सांगते. एक, हप्त्याची रक्कम जुलै-ऑगस्टमध्ये किती जमेल त्यावर ठरवा, डिसेंबरमध्ये किती जमेल त्यावर नाही. डिसेंबरमध्ये सगळ्यांनाच 5,000 जमतात. दुसरी, कापसाचा चुकारा आला की जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे हप्ते त्याच दिवशी बाजूला काढून बँकेच्या खात्यात ठेवा आणि हप्ता खात्यातून आपोआप कटेल असं करता आलं तर करा. आगाऊ भरून टाकू म्हणाल तर बरीच दुकानं घेत नाहीत, आणि जी घेतात तिथंही मुदत काही कमी होत नाही.

हप्ता चुकला तर काय, हे कार्ड काढतानाच विचारून घ्या. कुठं बोनस पूर्ण जाते, कुठं जेवढे दिवस उशीर तेवढी मुदत पुढं सरकते, कुठं चुकलेल्या हप्त्यापुरताच बोनस कमी होते. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका, "चालते ना ताई, आपलंच दुकान हाये" हे वाक्य मलाही ऐकवलं होतं.

कार्डाच्या मागच्या बाजूला काय शोधायचं

मागच्या अटी वाचायला चष्मा लागतो, तो घेऊन जा. सगळ्यात आधी हे पाहा की मधातच बंद केलं तर काय. बहुतेक ठिकाणी बोनस मिळत नाही आणि रोख पैसेही मिळत नाहीत, जमा रकमेचा दागिना घ्या म्हणतात. दवाखान्याचा खर्च निघाला, पोराच्या फीला पाहिजे, तर हा पैसा कामाचा नाही. म्हणून ज्या पैशाची वर्षभरात गरज पडू शकते तो इथं टाकू नका, तो आरडीतच बरा, तिथं मोडली तर व्याज थोडं कमी होते पण पैसा हातात येते.

मग कोणत्या मालावर लाभ चालते ते. नाणं आणि बिस्किट बहुतेक स्कीममधून वगळलेलं असते, कारण त्याला मजुरी नावालाच असते, मग दुकानदार बोनस कुठून काढणार? आमच्याकडं बऱ्याच जणी स्कीमचं नाणं घेऊन ठेवू, लग्नाच्या वेळेस मोडून घडवू, असा विचार करतात, ते जमत नाही. जुन्या दागिन्याची मोड देऊन त्यात स्कीमचे पैसे मिळवायचे असतील तर तेही आधी विचारा. दिवाळी-अक्षय्य तृतीयेला मजुरीवर सूट लागते ती सुद्धा स्कीमवाल्याला बऱ्याचदा लागू नसते, एक काहीतरी घ्या म्हणतात. मग अशा दिवशी दोन्हीचा हिशेब करा, कधी कधी स्कीमच्या बोनसपेक्षा मजुरीची सूट मोठी असते.

आणि शेवटची तारीख. मुदत संपल्यावर किती दिवसात दागिना घ्यायचा ते लिहिलेलं असते. वर सांगितलेले 365 दिवस इथं लागू होतात. लग्न पुढं ढकललं म्हणून कार्ड तसंच कपाटात ठेवलं तर नंतर बोनस नाही म्हणू शकतात. लग्नाची तारीख धरून बारा महिने मागं मोजा आणि त्याच्या आधी नाही, त्याच महिन्यात कार्ड सुरू करा, फार आधी सुरू केलं तर लग्नाआधीच मुदत संपते.

दागिना उचलायच्या दिवशी

घरून निघताना त्या दिवशीचा 22 कॅरेटचा भाव दोन ठिकाणी पाहून निघा. दुकानात आधी बोर्डावरचा भाव पाहा आणि तुम्हाला कोणत्या भावानं लावताहेत ते पाहा. 22 कॅरेट म्हणजे शंभरात 91.6 भाग सोनं, म्हणजे 24 कॅरेटचा भाव 11,000 असेल तर 22 चा साधारण 10,080 पडला पाहिजे. काही दुकानात 22 चा दागिना आणि भाव मात्र त्याहून वरचा लावतात, मग मजुरी कमी सांगितली तरी काही उपयोग नाही, पैसा भावातून निघून गेलेला असते.

मग वजन. पोत घेत असाल तर हे फार जपा. काळ्या मण्यांची सर, दोरा, वाट्या, सगळं एकत्र काट्यावर ठेवलं की आकडा छान मोठा येतो आणि सगळं सोन्याच्या भावानं मोजलं तर काचेचे मणी सोन्याच्या भावानं विकत घेतल्यासारखं होते. बिलावर एकूण वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं असलं पाहिजे, भाव आणि मजुरी निव्वळ वजनावरच. लाखेच्या मण्यांचंही तसंच, आतमध्ये लाख भरलेली असते, तिचं वजन किती धरलं ते विचारा. खड्याच्या टॉप्समध्ये खड्याचं वजन वजा झालं का ते पाहा. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का एवढं पाहायला लाजू नका, काही बोलत नाही कोणी.

मग हॉलमार्क. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी लागतोच. दागिन्यावर तीन खुणा असतात, बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा `22K916` असा आकडा, आणि हा एचयूआयडी. भिंगातून पाहायला मागा, दुकानात भिंग असतेच. मोबाईलवर `BIS Care` अॅप उघडून त्यात एचयूआयडी टाकला की दागिना कोणता, शुद्धता किती, कुठं तपासला ते येते. अॅपमध्ये अंगठी दाखवली आणि तुमच्या हातात झुमका असेल तर तो दागिना घेऊ नका. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि लहान हप्त्याच्या स्कीममधून नेमके असेच दागिने निघतात, तेव्हा तिथं बिलावर कॅरेट लिहून घेणं एवढंच आपल्या हातात.

बिल पक्कं घ्या. "जीएसटी वाचवून देतो, कच्चं बिल घ्या" म्हणतील, त्यात तीन टक्के वाचतात पण उद्या काही निघालं तर दाखवायला कागद नाही.

आणि दुकानच बंद झालं तर

2019 च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडं गुडविन ज्वेलर्सची दुकानं एकाएकी बंद झाली, हजारो लोकांचे स्कीमचे पैसे अडकले, पोलीस केस झाली. हे लक्षात ठेवायचं कारण एवढंच की बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असते, सराफाकडच्या हप्त्याला कोणताच विमा नाही. तुमच्याकडं गहाण काही नाही, नुसतं कार्ड आहे.

म्हणून घरातल्या सगळ्यांची कार्डं एकाच दुकानात काढू नका, आणि हप्ता शक्यतो रोख न देता यूपीआयनं किंवा खात्यातून दुकानाच्याच नावावर भरा. गावात येऊन हप्ते गोळा करणाऱ्या एजंटकडं देत असाल तर त्याच्या डायरीतल्या सहीवर थांबू नका, दुकानाची छापील पावती किंवा मोबाईलवर मेसेज आला पाहिजे, नाहीतर तो पैसा दुकानापर्यंत गेला की नाही ते अकराव्या महिन्यात कळते. वारसाचं नाव कार्डावर लिहून घ्या, आजीच्या नावाचं कार्ड असलं तर नक्कीच.

दुकान पैसे अडकवून बसलं तर आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. खूप जणांचे पैसे बुडाले असतील तर पोलिसांकडं जायचं, महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. 2019 च्या केंद्राच्या कायद्यातही असं आहे की मालासाठी घेतलेले आगाऊ पैसे परत द्यायची वेळ आली आणि 15 दिवसात दिले नाहीत तर ती ठेव धरली जाते. वेळ लागते, पण पावत्या जपल्या असतील तरच यातलं काही होते.

माझ्या जाऊबाईंनी दिवाळीनंतर नवीन कार्ड काढलं तेव्हा मी सोबत होते. सराफानं नेहमीसारखं सांगितलं, अकरा तुमचे बारावा आमचा. जाऊबाई म्हणाल्या, "ते समजलं भाऊ. गहूमणी पोत घ्याची हाये, घट-मजुरी मिळून किती लावसान ते या कार्डाच्या मागं लिहून द्या अन् हप्ता चुकला तर काय तेही लिहा." त्यानं आधी हसून टाळलं, मग म्हणाला डिझाइनवर असते ताई. जाऊबाईंनी काचेखालच्या पोतीवर बोट ठेवलं, "हे डिझाइन." दोन मिनिटं कॅलक्युलेटरवर काहीतरी दाबत राहिला. मग पेन घेऊन त्यानं लिहिलं, गहूमणी, घटीसह 12 टक्के, एक हप्ता 15 दिवस उशीर चालेल, आणि खाली सही करून शिक्का मारला. मग जाऊबाईंनी पहिले 2,000 मोजून दिले.